साठीनंतर पुन्हा कुणीतरी: ‘आपल्याला जमेल का?’ या भीतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ६६ वर्षांचा आहे आणि कोथरूडला राहतो. पिंपरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला चौतीस वर्षं काढून निवृत्त झालो. बायको जाऊन साडेचार वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या आयुष्यात पुन्हा एक बाई आल्या आणि त्यांच्यासोबत माझ्यावर जो प्रसंग आला, तो मी तळजाईला फिरताना एका जवळच्या मित्राला सांगितला. त्याने तो त्याच्यासारख्याच एकट्या पडलेल्या दोघांना सांगितला. तेव्हापासून पहाटे चढावर कुणीतरी मला हळूच मागे थांबवतं आणि विचारतं. शब्द वेगवेगळे असतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. औषधांचं जे लिहिलं आहे ते माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं आहे आणि लिहून झाल्यावर त्यांच्याकडून तपासूनही घेतलं आहे.

नेमकं झालं काय होतं?

त्या ६१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. यजमानांना जाऊन नऊ वर्षं झालेली. ग्रंथालयात पुस्तक बदलताना ओळख झाली. मग कॉफी, मग डिसेंबरात सवाईला शेजारी बसून ऐकलेलं गाणं. मांडवातून बाहेर पडताना गर्दीत त्यांनी माझा हात धरला आणि रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही. फेब्रुवारीत एका शनिवारी त्यांनी सहकारनगरच्या घरी जेवायला बोलावलं आणि म्हणाल्या, “उशीर झाला तर थांबा की इथेच.”

थांबलो. मनात ओढ होती, त्यांच्याही होती. सुरुवात चांगली झाली आणि ऐन वेळी सगळं मावळलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा सुरुवातही होईना. मी उठून बसलो आणि म्हणालो, “जरा ॲसिडिटी झाल्यासारखं वाटतंय.” त्या उठल्या, फ्रिजमधलं थंड दूध पेल्यात ओतून आणलं आणि मी ते पिईपर्यंत पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिल्या. खोटं बोलून मिळवलेलं ते दूध माझ्या घशाखाली उतरेना. साडेअकराला रिक्षा करून घरी आलो आणि पुढचे आठ दिवस त्यांचे फोन घेतले नाहीत.

जे विचारतात त्यांना मी आधी हेच सांगतो. त्या रात्री शरीराने साथ दिली नाही, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. त्यांना लागले ते पुढचे आठ दिवस. ‘मी आवडले नाही, माझं शरीर पाहून यांचं मन उडालं,’ अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आपण आपली लाज झाकत बसतो आणि समोरच्या बाईला ती स्वतःची लाज वाटते.

बायको होती तोवर सगळं नीट होतं. मग आता असं का?

माझ्याबाबतीत ‘सगळं नीट होतं’ हे खरं नव्हतं, हे मला डॉक्टरांसमोर बोलताना कळलं. बायको अडीच वर्षं कॅन्सरने आजारी होती. त्या काळात आमच्यात काही नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. मी तिचं औषधपाणी बघत होतो, तिला अंघोळ घालत होतो. स्पर्श होता, पण तो सगळा सेवेचा. त्यानंतर चार वर्षं कुणाचाच स्पर्श नाही. म्हणजे साडेसहा वर्षांच्या खंडानंतर, नव्या घरात, नव्या माणसासोबत मी पहिल्याच रात्री सगळं पूर्वीसारखं होईल असं धरून चाललो होतो.

डॉक्टर म्हणाले की बायको गेल्यानंतर पहिल्यांदा दुसऱ्या स्त्रीजवळ गेलेल्या पुरुषांत हे इतकं आढळतं की वैद्यकात त्याला ‘विडोअर्स सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे. त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: लांबलेला खंड, गेलेल्या बायकोशी आपण प्रतारणा करतोय ही टोचणी, आणि नव्या माणसासमोर नापास होण्याची भीती. टोचणी माझ्यातही होती. त्या रात्री अंधारात माझ्या तोंडून बायकोचं नाव निघेल की काय, या धास्तीने मी काही बोलतच नव्हतो. प्रेम करताना गप्प राहायची मला सवय नाही. तिथेच निम्मं अवघडलेपण आलं असावं.

भीतीने शरीर बंद कसं पडतं, हे मला माझ्या कामाच्या भाषेत चटकन समजलं. हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेल सिलिंडरमध्ये यायला इनलेट उघडावा लागतो आणि दाब टिकायला परतीची लाइन बंद राहावी लागते. लिंगाचंही तसंच आहे. आतले स्नायू सैल पडले की रक्त भरतं, आणि भरलेल्या रक्ताच्या दाबाने परत नेणाऱ्या शिरा चेपल्या जाऊन ते आत टिकतं. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीची रसायनं सुटतात. ती या स्नायूंना आवळून धरतात. इनलेट उघडतच नाही. वाघ मागे लागल्यावर शरीराने रक्त पायांकडे पाठवावं अशीच ती रचना आहे आणि भीती वाघाची आहे की अब्रूची, हे त्या यंत्रणेला कळत नाही. मग एकदा फसलं की पुढच्या वेळी माणूस सुरुवातीपासून स्वतःकडे बघत बसतो, ‘आहे का अजून? टिकतंय का?’ आणि त्या बघण्यानेच ते जातं.

हे मनाचं आहे की शरीराचं, कसं ओळखायचं?

डॉक्टरांनी पहिला प्रश्न पहाटेचा विचारला. जाग येते तेव्हा ताठरता असते का? झोपेत पुरुषाला रात्रीतून काही वेळा आपोआप ताठरता येते, त्यात मनाचा संबंध नसतो. ती पूर्वीसारखी येत असेल तर नळ, पंप, वायरिंग बहुतांशी शाबूत आहे असं समजायचं. दुसरा प्रश्न सुरुवातीचा. मनाच्या कारणाने होतं ते बहुधा अचानक आणि ठरावीक प्रसंगीच होतं, म्हणजे एकटं असताना जमतं आणि कुणासोबत असताना नाही. शरीराच्या कारणाने होतं ते वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वाढत जातं आणि कुठल्याही प्रसंगी होतं.

माझं उत्तर मधलं होतं. पहाटे ताठरता यायची, पण आठवड्यातून दोन-तीनदा आणि पूर्वीइतकी घट्ट नाही. आमच्या वयाच्या बहुतेकांचं असंच मिश्र असतं असं ते म्हणाले: थोडी शरीरात घट, आणि त्या घटीवर भीतीचा मोठा डोंगर.

वयाने होणारे बदल हा आजार नव्हे, हेही इथे सांगायला हवं, कारण कित्येकजण त्यालाच नापास होणं समजतात. तिशीत नुसत्या विचाराने जे व्हायचं त्याला आता प्रत्यक्ष स्पर्श लागतो, आणि तोही बराच वेळ. ताठरता थोडी नरम असते. मध्येच कमी होते, पुन्हा येते. एकदा झाल्यावर पुन्हा लगेच होत नाही, एखादा दिवसही जावा लागतो. हे जिला ठाऊक नाही ती गोंधळते आणि ज्याला ठाऊक नाही तो खचतो.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं? तिथे काय करतात?

मी आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडेच गेलो, कारण माझी बीपीची आणि प्रोस्टेटची औषधं त्यांना ठाऊक होती. त्यांनी पुढे यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. दवाखान्यात गेल्यावर तोंड उघडत नसेल तर कागदावर लिहून न्या. मी तसंच केलं. ‘संबंधांच्या वेळी ताठरता टिकत नाही, चार महिन्यांपासून’ एवढंच लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, घडी करून फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, “बरं झालं आलात. आता शांतपणे बोलू.”

तपासण्या साध्या होत्या. उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, ईसीजी आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्यायचं, कारण ते सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारी दिलेल्या रक्तात विनाकारण कमी दिसतं. माझं टेस्टोस्टेरॉन ठीक निघालं. एचबीएवनसी मात्र ७.४ आलं. मला मधुमेह आहे हे मला त्या दिवशी कळलं.

यावर मी थोडा थांबतो, कारण तळजाईवरचे निम्मे लोक हे ऐकून घेत नाहीत. त्यांना गोळी हवी असते, तपासणी नको. हृदयाला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटरच्या असतात आणि लिंगाच्या १ ते २ मिलिमीटरच्या. साखर आणि कोलेस्टेरॉलचा थर सगळीकडे सारखाच साचतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून कित्येक पुरुषांत ताठरता कमी होणं ही हृदयाच्या त्रासाची दोन-चार वर्षं आधी आलेली सूचना ठरते. ‘वयच झालं आता’ म्हणून ती सूचना दाबून टाकली, तर पुढची सूचना छातीत येते.

औषधंही बघितली जातात. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि काही बीटा ब्लॉकर, तसंच नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या ताठरता कमी करू शकतात. पण म्हणून आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करायची नाही. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. माझी एक बदलली.

गोळी घेतली की काम झालं, असं म्हणतात. खरं आहे का?

डॉक्टरांकडे जायच्या आधी मी हाच मूर्खपणा केला होता. आठ दिवसांनी मी त्या बाईंना फोन केला, माफी मागितली, पण खरं कारण सांगितलं नाही. मित्राकडून १०० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल घेतली. रविवारी त्यांच्याकडे मटण होतं. धीर यावा म्हणून जेवणाआधी मी दोन पेग घेतले, भरपेट जेवलो, हळूच गोळी गिळली आणि वीस मिनिटांत काही व्हायची वाट बघत बसलो. काहीच झालं नाही. तासाभराने बाथरूमला जायला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराची चौकट धरून खाली बसलो.

यात चुका किती होत्या ते नंतर कळलं. ही गोळी साधारण तासभर आधी घ्यायची असते आणि तेलकट जेवणावर घेतली तर तिचा परिणाम आणखी तासभर पुढे जातो. ती आपोआप काही करत नाही. मनात इच्छा आणि अंगाला स्पर्श असेल तरच ती रक्ताची वाट सोपी करते. मी सोफ्यावर घड्याळ बघत बसलो होतो, तिथे ती काय करणार? दारूने ताठरताही कमी होते आणि बीपीही उतरतं. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे मी रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतो. त्यानेही बीपी खाली येतं, सिल्डेनाफिलनेही येतं, दारूनेही. तिन्ही एकत्र आल्यावर अंधारी येणारच होती. शिवाय पासष्टीच्या पुढे डॉक्टर सुरुवातच २५ मिलिग्रॅमने करतात. मी पहिल्याच दिवशी चौपट घेतली होती.

दुसरी गोळी टाडालाफिल. तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो आणि तिला जेवणाची अडचण नसते. ज्यांना ‘आता गोळी घेतली, आता झालंच पाहिजे’ या घाईनेच धडधडतं, त्यांना ती सोयीची पडते. काहींना डॉक्टर तिचा ५ मिलिग्रॅमचा रोजचा डोस देतात. मला तीच दिली, टॅमसुलोसिनचा विचार करून, आधी अडीच मिलिग्रॅमने सुरू करून. दोन्ही गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिल्या एक-दोनदा उपयोग झाला नाही म्हणून सोडून देऊ नये. योग्य पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ‘मला लागू पडत नाही’ असं ठरवता येत नाही. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं होतं आणि जातं. ताठरता चार तासांच्या वर राहिली किंवा अचानक नजर गेली तर मात्र रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल.

हृदयाचा त्रास असेल तर?

इथे एकच गोष्ट घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. नायट्रेट जातीचं औषध चालू असेल तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. आपल्याकडे कित्येक ज्येष्ठांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला. ती नायट्रेट आहे. निकोरँडिल नावाची गोळी आपल्याकडे हृदयरोग्यांना बऱ्यापैकी दिली जाते, तिच्यासोबतही या गोळ्या चालत नाहीत. यांतलं कुठलंही औषध आणि ताठरतेची गोळी एकत्र पोटात गेली तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जातो. उलटही तितकंच खरं: सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. मध्येच छातीत दुखलं तर १०८ ला फोन करायचा आणि येणाऱ्याला स्पष्ट सांगायचं की अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे. म्हणूनच शेजारच्या व्यक्तीला हे ठाऊक असायला हवं. लपवून गोळी घेणारा माणूस बेशुद्ध पडला तर डॉक्टरांना कोण सांगणार?

शरीराला झेपेल का, याचं घरगुती माप दोन मजले आहे. न थांबता, छातीत न दुखता, फार धाप न लागता दोन जिने चढून जाता येत असेल तर बहुतेकांना संबंध झेपतात. नुकताच ॲटॅक येऊन गेला असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं.

त्यांना सांगितलंत कसं?

अंधारी आली त्याच रात्री. त्या धावत आल्या, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि म्हणाल्या, “काय खाल्लंत तुम्ही? खरं सांगा.” मी गोळी सांगितली, दारूवर घेतल्याचं सांगितलं, मग फेब्रुवारीतली ॲसिडिटीही सांगितली.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी तेव्हापासून आरशासमोर उभी राहते आणि विचार करते, यांना काय खटकलं असेल माझ्यात.”

“तुमच्यात काहीच नाही हो,” मी म्हणालो. “मला भीती वाटली.”

“अहो मग तसं म्हणायचं ना. मलाही वाटत होती.”

लोक विचारतात की नेमकं कुठलं वाक्य बोलायचं. माझ्या मते पलंगावर, फसल्यानंतर, हे बोलूच नये. तिथे प्रत्येक शब्द माफीसारखा नाही तर तक्रारीसारखा ऐकू येतो. दिवसा, चहा घेताना, कपडे अंगावर असताना बोलावं. वाक्य साधं असावं: “इतक्या वर्षांनी मी कुणाजवळ येतोय, मला भीती वाटते, आणि भीतीने माझं शरीर साथ देत नाही. याचा तुमच्याशी काही संबंध नाही.” शेवटचं वाक्य गाळू नका.

यूरॉलॉजिस्टनी गोळीखेरीज काय सांगितलं?

त्यांनी आम्हा दोघांना एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “पुढचे सहा आठवडे संबंध ठेवायचे नाहीत.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण माझ्यासाठी सर्वांत मोठा उपाय हाच ठरला. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास ही पद्धत मांडली. परीक्षाच रद्द केली की नापास होण्याची भीती कशाची उरणार?

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही एकत्र बसायचो. एकाने पडून राहायचं, दुसऱ्याने स्पर्श करायचा, साधारण वीस मिनिटं, मग अदलाबदल. हात, पाठ, मान, केस, तळपाय. छाती आणि लैंगिक भाग वर्ज्य. समोरच्याला सुख द्यायचं हेही ध्येय नाही. आपल्या हाताला काय जाणवतंय, गरम की गार, मऊ की खरखरीत, एवढ्यावरच लक्ष. त्यांच्या डाव्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लसीचा वण आहे. तो मी दुसऱ्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला. साडेसहा वर्षांनी मला कुणी सेवेसाठी नव्हे, नुसतंच हात लावत होतं. तिसऱ्या संध्याकाळी मला रडू आलं. त्या थांबल्या नाहीत, तशाच पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्याच दिवसांत एकदा माझ्या तोंडून बायकोचं नाव निघालंही. मी दचकलो. त्या म्हणाल्या, “असू दे. माझ्याही येतं ओठांवर.” ज्याची धास्ती फेब्रुवारीपासून होती ते घडून गेलं आणि काहीच कोसळलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्ज्य भागांवरची बंदी उठली, पण संबंधांवरची कायम. आणि इथे समुपदेशक बाईंनी सांगितलेली युक्ती मला अगदी पटली. ताठरता आली की मुद्दाम थांबायचं. ती जाऊ द्यायची. गप्पा मारायच्या. मग पुन्हा स्पर्श करायचा आणि ती पुन्हा येते की नाही ते बघायचं. पहिल्यांदा ती गेली तेव्हा पोटात तोच जुना गोळा आला. दहा मिनिटांनी ती परत आली. एकाच संध्याकाळी असं दोनदा-तीनदा झाल्यावर ‘गेली म्हणजे संपलं’ ही समजूत माझ्या शरीरानेच खोडून काढली. कुणी समजावून ते झालं नसतं.

सहा आठवड्यांनंतर हळूहळू संबंध, सुरुवातीला हालचाल न करता नुसतं जवळ राहणं. आम्ही पाचव्या आठवड्यातच नियम मोडला. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बहुतेकजण मोडतात.”

बायकांच्या बाजूचं काय? त्यांना त्रास होत नाही का?

होतो, आणि पुरुष तो विचारत नाहीत. पाळी गेल्यानंतर आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. नऊ वर्षांच्या खंडानंतर त्यांना दुखत होतं आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून त्या ते सोसत होत्या. त्यांच्या अंगातला ताठपणा मला जाणवायचा आणि माझं अवसान त्यानेही गळायचं. पाण्यात विरघळणारी वंगण जेली औषधाच्या दुकानात मिळते, ती भरपूर वापरावी. तेवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ लावायला इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. त्यांना ते दिलं आणि काही आठवड्यांत फरक पडला. पाळी गेल्यावर कधीही, एकदाही, रक्त दिसलं तर ‘घासलं असेल’ म्हणून सोडू नये, तपासून घ्यावं.

दिवस राहायची भीती नसली तरी संसर्गाला वय कळत नाही. आम्ही दोघांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट येईपर्यंत कंडोम. त्यासोबत खोबरेल तेल वापरू नका, त्याने रबर फाटतं.

जाहिरातीतलं चूर्ण, शक्तीच्या गोळ्या, भिंतीवरचे नंबर?

नको. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडलं आहे, किती ते कुणालाच ठाऊक नसताना. खिशात सॉर्बिट्रेट बाळगणाऱ्या माणसाने असं चूर्ण दुधातून घेतलं तर काय होईल, ते वर लिहिलं आहे.

मुलांना सांगितलं? या वयात हे शोभतं का?

मुलीला सांगितलं की या बाई माझ्या आयुष्यात आहेत. बाकीचं तिला सांगायचं कारण नाही. तिला स्वीकारायला वेळ लागला, अजूनही पूर्ण सोपं नाही.

शोभण्याचं म्हणाल, तर मी रोज कर्वे पुतळ्यावरून जातो. धोंडो केशव कर्वे स्वतः विधुर होते आणि १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, त्यासाठी वाळीत पडणं पत्करलं. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव १९२७ पासून मासिक काढून लोकांच्या याच विषयावरच्या शंकांना उत्तरं देत होते. आपण इतक्या वर्षांनी तळजाईवर एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजतो, याचं मला वाईट वाटतं.

आता दर वेळी जमतं का?

नाही. चारातल्या तीन वेळा जमतं म्हणा. एचबीएवनसी आता ६.७ आहे, रोज पाऊण तास चालतो, रात्रीची दारू जवळपास सुटली आहे. गोळी चालू आहे. पहाटेची वेळ आम्हाला बरी पडते, कारण तेव्हा थकवा नसतो आणि जेवणही उतरलेलं असतं.

गेल्या आठवड्यात जमलं नाही. मी म्हणालो, “आज नाही होणार.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि माझा हात आपल्या दंडावर ओढून घेऊन पुन्हा झोपल्या. सात वाजता दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी उठलो आणि पातेलं घेऊन दारात गेलो.